चाचणीच्या निमंत्रणातील दोन काळ




उमेदवारांना ऑनलाइन चाचणीसाठी पाठवायच्या निमंत्रणाचा जो मसुदा अभिप्रायासाठी आला, त्यात वेळेविषयी ‘९० मिनिटांची चाचणी रविवारी रात्री ११.५९ पर्यंत द्यावी’ एवढे एकच वाक्य आहे, आणि मसुद्यातील खरी अडचण तेथेच आहे. अशा चाचणीत दोन काळ असतात: लिंक ज्या दिवसांत उघडता येते तो प्रवेशाचा अवधी, आणि ‘सुरू करा’ हे बटण दाबल्यापासून मोजला जाणारा चाचणीचा वेळ. या दोहोंचा संबंध सर्व प्रणालींत सारखा नसतो. काहींत अवधी संपण्यापूर्वी सुरुवात करणाऱ्यास पूर्ण ९० मिनिटे मिळतात, तर काहींत अवधी संपताच चाचणीही बंद होते.

दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीत दुबईहून चाचणी देणाऱ्या उमेदवाराची स्थिती पाहण्यासारखी आहे. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्यामुळे, तेथे रात्री दहाला, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे दोन तास हाताशी ठेवून, बसणाऱ्या उमेदवारासाठी भारतात साडेअकरा वाजलेले असतात आणि त्याला केवळ २९ मिनिटे मिळतात. म्हणून ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे शब्द आणि सुरुवात करण्याची शेवटची वेळ, येथे रात्री १०.२९, दोन्ही निमंत्रणात हवीत.

चाचणीचा वेळ उमेदवाराच्या संगणकावर नव्हे, तर सर्व्हरवर, म्हणजे प्रश्न पुरवणाऱ्या दूरस्थ संगणकावर मोजला जात असेल, तर वीज गेली किंवा ब्राउझर बंद झाला तरी तो थांबत नाही. त्याच लिंकने परत येणाऱ्यास उरलेलीच मिनिटे मिळतात, हे आधी सांगितलेले बरे.

नियमांपैकी ‘दुसरी टॅब उघडल्यास अपात्र’ हा नियम मसुद्यात फारच आत्मविश्वासाने लिहिला आहे. चाचणीची खिडकी पुढून हटली एवढेच ब्राउझर कळवतो. उमेदवाराने उत्तर शोधले की अद्ययावतीकरणाची सूचना मध्येच उघडली, हे त्यावरून ठरत नाही. अशा नोंदी माणसाकडून तपासल्या जातील, असे लिहिणे अधिक खरे आणि अधिक न्याय्य ठरेल. कच्च्या कामासाठी कागद व कॅल्क्युलेटर चालतो की नाही, हे मात्र एका ओळीत स्पष्ट करता येते.

मदतीसाठी दिलेला ईमेल पत्ता, जर कार्यालय सोमवारी उघडणार असेल, तर रविवारी रात्री अडलेल्याच्या उपयोगाचा नाही. तेथे दूरध्वनी क्रमांक व त्याच्या वेळा असाव्यात, आणि अडचण आल्यास स्क्रीनशॉट, नेमकी वेळ व उमेदवार-क्रमांक पाठवावा, असेही नमूद असावे, कारण सर्व्हरवरील नोंदींशी ताडून गेलेला वेळ परत द्यायचा की नाही, हे त्यांवरूनच ठरवता येते. रविवारी रात्री कोणालाही बसवता येत नसेल, तर प्रवेशाचा अवधी सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत वाढवून शेवटची सुरुवात साडेतीनला ठेवावी.