'कधीपासून?' या एका रकान्याची गोष्ट

मेडिक्लेमचं अडलं की गावातले लोक हल्ली मला फोन करतात. कारण एवढंच, की आमच्या पेपरची जिल्हा पुरवणी बंद झाल्यावर मी हॉस्पिटल व्यवस्थापनाचा एक कोर्स केला आणि गेल्या वर्षी तीन महिने एका खासगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर इंटर्न म्हणून बसलो. चाळिशी ओलांडलेला इंटर्न! बाकीची पोरं मला 'सर' म्हणायची आणि काम मात्र झेरॉक्सचं द्यायची. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. पण तिथं माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे कुठला कागद कशासाठी असतो ते आपोआप कळेल.

बावन्न-त्रेपन्न वर्षांचे एक काका आले होते. किराणा दुकानदार. पाय सुजलेला, आत पू झालेला, ताप. सोबत पुतण्या. पॉलिसी तीन लाखांची, साडेतीन वर्षं न चुकता हप्ते भरलेली. मला प्री-ऑथचा फॉर्म भरायला सांगितला. प्री-ऑथ म्हणजे कॅशलेससाठी विमा कंपनीकडे आगाऊ मागितलेली मंजुरी. कंपनीच्या वतीने हे कागद बहुतेक वेळा टीपीए नावाची मध्यस्थ संस्था तपासते. पेशंटचं नाव-पॉलिसी नंबर आपण भरायचं. आजार काय, उपचार काय, अंदाजे खर्च किती हे डॉक्टरांनी भरून सही करायची. आमच्या डेस्कवर मात्र त्यातला बराचसा मजकूर आमच्यासारखी पोरंच लिहायची आणि डॉक्टर राउंडच्या घाईत सही करायचे.

त्यात एक रकाना असतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार वगैरेंची यादी आणि पुढे 'कधीपासून'. मी पुतण्याला विचारलं, "काकांना शुगर आहे का?"

"आहे की."

"किती वर्षं झाली?"

"असेल सहा-सात वर्षं."

मी 'सात वर्षे' लिहिलं. आरएमओंनीही पुतण्यालाच विचारून केसपेपरवर तेच नोंदवलं. काका तापात पडलेले, त्यांना कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी कॅशलेस नामंजूर झाल्याचा मेल आला. कारण सरळ होतं. पॉलिसी साडेतीन वर्षांची, शुगर सात वर्षांची. म्हणजे पॉलिसी घेताना आजार लपवला. कंपनीचं गणित कागदावर बरोबरच होतं. बातमीत आपण 'असे समजते' लिहून सुटतो, फॉर्मात तो शब्द चालत नाही.

दुसऱ्या दिवशी काकू घरून औषधांची पिशवी घेऊन आल्या. त्यात शुगर पहिल्यांदा सापडली तेव्हाचा लॅबचा रिपोर्ट होता. अडीच वर्षांपूर्वीचा. म्हणजे आजार पॉलिसी घेतल्यानंतरचा! पुतण्या खोटं बोलला नव्हता, त्याने अंदाजे सांगितलं होतं. अंदाज मी पक्का करून टाकला.

डेस्कवरच्या एकाने उपाय सुचवला: केसपेपरचं पान बदलून टाकू. आमच्या मॅडमनी त्याला तिथंच झापलं. कंपनीचा तपासनीस येऊन मूळ केसपेपर बघतो. खाडाखोड किंवा नवं पान दिसलं की खरा क्लेमसुद्धा बनावट ठरतो. योग्य रस्ता असा, की जुनी नोंद तशीच ठेवायची आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तारीख-सहीसह खुलासा पत्र द्यायचं: माहिती नातेवाइकाने अंदाजे दिली होती, पहिल्या निदानाचा रिपोर्ट अमुक तारखेचा, सोबत जोडला आहे. तसं पत्र घेतलं. तोवर घरच्यांनी चाळीस हजार उसने आणून भरले होते.

इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. पैसे भरून बाहेर पडायचं आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत परताव्याचा क्लेम लावायचा. त्याचे दोन भाग. 'पार्ट ए' पेशंटने भरायचा: पॉलिसी, बिलांची यादी, बँक खातं, सोबत रद्द केलेला चेक. 'पार्ट बी' हॉस्पिटलने: नोंदणी क्रमांक, दाखल केल्याची व सोडल्याची तारीख-वेळ, निदान, केलेली शस्त्रक्रिया, आणि शिक्का. दोन भाग मुद्दाम वेगळे आहेत. एकाच घटनेबद्दल दोघांना वेगवेगळं विचारायचं आणि ताडून बघायचं. ज्या डिस्चार्ज समरीकडे आपण 'गोळ्या कधी घ्यायच्या' एवढ्यासाठी बघतो, ती या दोन्हींमधला साक्षीदार असते. आमच्या समरीतही टायपिस्टने केसपेपरवरून 'सात वर्षे' उतरवलं होतंच. सही होण्याआधी मी वाचलं म्हणून सापडलं.

आता बिल. एकूण ८२,००० झालं. पाच दिवसांच्या खोलीचे २०,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट मिळून ३६,०००, औषधं व साहित्य १८,०००, तपासण्या ८,०००. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,०००. घेतलेली खोली ४,००० ची. दाखल करताना पुतण्या म्हणाला होता, "हजाराचा फरक आम्ही भरू." पाच दिवसांचे पाच हजार, असा त्याचा हिशोब.

पण मर्यादा ओलांडली की कात्री फक्त भाड्याला लागत नाही. हक्क खोलीच्या तीन चतुर्थांशाचा, म्हणून डॉक्टर-थिएटरचा खर्चही तीन चतुर्थांशच. कारण महाग खोलीत त्याच ऑपरेशनचा दर हॉस्पिटल जास्त लावतं. म्हणजे ३६,००० मधले आणखी ९,००० गेले. हजाराची खोली एकूण १४,००० ला पडली. औषधं, साहित्य आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. विमा प्राधिकरणाचा तसा नियम आहे. जिथं खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथं तर ती मुळीच लावता येत नाही. पत्र आलं की कुठल्या ओळीतून किती कापलं ते तपासा.

शिवाय बिलात 'ड्रेसिंग किट – २,६००' अशी एक ओळ होती. आत काय ते न लिहिलेलं कुठलंही किट, न देय वस्तूंच्या यादीत बसतं. मॅडमनी फार्मसीकडून फोड करून आणली. हातमोजे वगैरेंचे ४०० गेले, बाकीचे २,२०० वाचले.

एक मधेच सांगतो, कारण फोन त्याचेच जास्त येतात. कॅशलेसमध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा प्राधिकरणाचा मे २०२४ चा आदेश आहे. पण ते तीन तास कंपनीकडे विनंती पोचल्यापासून मोजायचे, डॉक्टर सकाळी "घरी जा" म्हणाले तेव्हापासून नाही. समरी टाइप होऊन सही व्हायलाच दुपार होते. तेव्हा कंपनीला शिव्या घालण्याआधी डेस्कवर विचारा, "फाइल किती वाजता पाठवली?" मेलवर वेळ असते.

काकांचे ६७,६०० रुपये दीड महिन्याने खात्यात आले. कॅशलेस मिळालं असतं तरी ही कपात झालीच असती; पण उसनवारी आणि त्यावरचं व्याज मात्र माझ्या त्या एका शब्दाचं. इंटर्नशिप संपताना मी दुकानात जाऊन ते कबूल केलं. काका म्हणाले, "अहो, मलाच विचारायचं होतं ना. मी शुद्धीवर होतो."