शब्द उसने, नातं वेगळं

मी वर्गात सांगायचो, शब्द सारखे म्हणून मराठी संस्कृतची लेक. पण आमच्या जानेफळच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे, निहाली बोलतात. तिच्यात कोरकूचे शब्द ढीगभर, तरी अभ्यासक तिला कोरकूच्या मुंडा कुळात घालत नाहीत. रोजचे मुळातले कितीतरी शब्द जुळतच नाहीत. म्हणजे उसनवारीवरून नातं ठरत नाही!

मग मराठीचं काय? 'हस्ताक्षर' आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. 'हात' मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी झिजत आला: हस्त, हत्थ, हात. तसंच सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. जोडाक्षर आधी दुहेरी होतं, मग एकेरी, आणि त्याआधीचा 'अ' लांबून 'आ' होतो. नातं ह्या नेमाच्या झिजेत दिसतं. माझे वर्गातले दाखले मात्र सगळे 'हस्ताक्षर'च्या जातीचे होते.