अठ्ठावीसचा पॉइंट आणि वीस शब्द



आमच्या केंद्रातल्या काही शाळांनी तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पाठ वाटून घेतले आणि प्रत्येकाने आपापल्या पाठाचे पीपीटी तयार करायचे ठरवले. सगळ्यांच्या स्लाइड तपासायचे काम माझ्याकडे आले. नियम दोनच होते. एका स्लाइडवर वीसपेक्षा जास्त शब्द नकोत आणि अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको. जी स्लाइड नियमात बसत नाही, ती परत. ऐकायला हे कारकुनी काम वाटते. मलाही आधी तसेच वाटले होते.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, वीसच का? हा आकडा हवेतून आलेला नाही. निपुण भारतमध्ये तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे ध्येय आहे. दुसरीसाठी ते ४५ ते ६० आहे. म्हणजे ज्या मुलाने ध्येय गाठले आहे, त्यालाही वीस शब्दांना वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ आपण गप्प बसायचे. हेच खरे अवघड आहे! आपण स्लाइड लावतो आणि लगेच बोलायला लागतो. मूल वाचायचे की ऐकायचे या गोंधळात पडते आणि शेवटी दोन्ही सोडून खिडकीबाहेर बघते.

एक स्लाइड जशी आली तशी सांगते. विषय ताडोबा. मजकूर असा होता : "चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वात जुने राष्ट्रीय उद्यान असून त्याला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे १९९५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि अंधारी अभयारण्य मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला." माहिती बरोबर आहे. शब्द मोजले तर ३२. मिनिटाला ४५ वाचणाऱ्या मुलाला यासाठी जवळजवळ पाऊण मिनिट लागेल, आणि 'राष्ट्रीय', 'व्याघ्र', 'प्रकल्प' अशी जोडाक्षरे मध्ये आली की त्याहून जास्त.

मी ती परत पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता 'हे', 'असून', 'पुढे' गेले होते आणि '१९९५ मध्ये' हे '१९९५मध्ये' असे जोडून लिहिले होते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने जोडून लिहिणेच बरोबर, त्यामुळे त्यात खोट काढता येत नाही. पण मुलाचे वाचन तेवढ्याने एका अक्षरानेही कमी झाले नाही, आणि आकडा तरीही २८ होता. मराठीत हा घोळ नेहमीचा. इंग्रजीत जिथे 'ऑन द ट्री' असे तीन शब्द होतात, तिथे आपला 'झाडावर' हा एकच. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली शब्दमर्यादा उचलून मराठीला लावली तर स्लाइड आपल्या अंदाजापेक्षा भरगच्च होते.

तिसऱ्यांदा त्या स्लाइडच्या दोन झाल्या. एकीवर जिल्ह्याचा नकाशा आणि "ताडोबा : राष्ट्रीय उद्यान, १९५५". दुसरीवर "ताडोबा + अंधारी = व्याघ्र प्रकल्प, १९९५". बाकीचे मॅडम तोंडाने सांगणार. दोन्ही पास.

आता अक्षराच्या आकाराचे. इथे खरे भांडण झाले. केंद्रातल्या एका ज्येष्ठ मॅडमच्या अकरा स्लाइड मी परत केल्या, अक्षर २४ होते म्हणून. त्याच दिवशी एका गुरुजींच्या २२ पॉइंटच्या स्लाइड पास केल्या. मॅडमचा फोन आला, "काहून जी बाई, त्यांचं बावीस चालते आन् माझं चोवीस परत?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असे की पॉइंट हे पडद्यावरचे माप नाही, ते स्लाइडच्या कागदाचे माप आहे. मॅडमची स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये केलेली, तिची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. गुरुजींनी मोबाईलवर गूगल स्लाइड्समध्ये केले होते. तिथे नव्या स्लाइडची उंची ५.६२५ इंच, म्हणजे ४०५ पॉइंट असते. टीव्हीवर लावल्यावर दोन्ही ताणून सारख्याच उंचीच्या होतात. २८ ला ५४० ने भागा आणि २१ ला ४०५ ने भागा, उत्तर एकच येते. म्हणून गुरुजींचे २२ नियमात बसते आणि मॅडमचे २४ बसत नाही. हे पटवायला मी दोन्ही फाइल वर्गातल्या टीव्हीवर एकामागून एक लावल्या आणि त्यांना मागच्या रांगेत बसवले. "दिसते जी फरक," एवढेच म्हणाल्या, पण अकराही स्लाइड दुरुस्त करून पाठवल्या. तेव्हापासून फाइल उघडली की मी आधी `Design` मध्ये `Slide Size` बघते, मग अक्षर.

२८ च का, तेही सांगते. त्रेचाळीस इंची टीव्हीची उंची साधारण २१ इंच. त्यावर २८ पॉइंटच्या ओळीला एक इंचाच्या आसपास जागा मिळते. पण देवनागरीत त्या एका इंचात वरची मात्रा, रफार आणि खालचा उकार सगळेच बसवायचे असते. मूळ अक्षराच्या वाट्याला निम्मी जागा येते. १८ पॉइंट केले की 'के' आणि 'कै' मागच्या रांगेतून सारखेच दिसतात. आपण मोठी माणसे अंदाजाने वाचून टाकतो. तिसरीतले मूल मात्रा बघूनच वाचत असते, ती दिसली नाही तर त्याच्याकडे अंदाजाला काही नसते. "माझ्या मोबाईलवर तर छान दिसते," असे काही जण सांगतात. मोबाईल डोळ्यापासून एक फुटावर असतो, टीव्ही मागच्या बाकापासून अठरा-वीस फुटांवर.

तपासताना फसवणाऱ्या जागा तीन. पहिली, पेटीत मजकूर वाढला की पॉवरपॉइंट स्वतःच अक्षर लहान करते. लिहिणाऱ्याने २८ निवडलेले असते, त्यामुळे तो शपथेवर सांगतो की मी २८ च ठेवले! हे थांबवायचे तर `Format Shape` मध्ये `Do not Autofit` निवडायचे. दुसरी, आकाराच्या चौकटीत `18+` असे दिसले तर त्या पेटीत वेगवेगळ्या आकाराची अक्षरे आहेत आणि सर्वात लहान १८ चे आहे. त्यातले मोठे शीर्षक बघून पास करू नका.

तिसरी जागा सगळ्यात चिवट. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून तोच स्लाइडवर चिकटवलेला असतो. त्यावर क्लिक केले तर अक्षराचा आकार दिसत नाही आणि शब्दही मोजले जात नाहीत. मी तिथे शेजारी एक पेटी काढते, २८ पॉइंटमध्ये 'कै' लिहिते आणि फोटोतल्या अक्षराशेजारी सरकवते. माझा 'कै' मोठा दिसला की स्लाइड परत. शब्द मात्र बोट ठेवूनच मोजावे लागतात.

परत पाठवताना मी स्वतः दुरुस्ती करून देत नाही. काय ठेवायचे आणि काय तोंडाने सांगायचे हे ज्याचा पाठ आहे त्यालाच माहीत. चिठ्ठीत एवढेच असते : "स्लाइड ७, शब्द ३२, अक्षर २०. धानाच्या बांधीचा फोटो छान आहे, तो ठेवा." सध्या माझ्याकडे पाण्याच्या पाठाच्या चौदा स्लाइड आहेत. त्यातल्या पाचांत फोटोतला मजकूर आहे, त्या उद्या परत जातील.