पार्टनर

परवा आमच्या महाविद्यालयात व्यवसाय अध्ययनाच्या वर्गाने वादविवाद ठेवला होता. विषय होता, ‘गिग काम तरुण कामगाराच्या हिताचे आहे’. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी आदल्या आठवड्यात माझ्याकडे भाषण घेऊन आला. “सर, फक्त मराठी तपासून द्या.” त्याच्या वाट्याला अनुकूल बाजू आली होती, आणि तो स्वतः सुटीच्या दिवशी दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतो, हे मला तेव्हाच कळले.

मी मराठी तपासले, म्हणजे नको तेवढे तपासले. पहिल्या पानावर नुसते हिशेब होते. ते कापून मी तिथे ‘नव्या युगाचा स्वयंसिद्ध तरुण’ वगैरे बसवले. (एम.ए.ला अलंकार शिकलेल्या माणसाच्या हाती लाल पेन देऊ नये.) दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा माझी वाक्ये गेली होती, हिशेब पुन्हा जागेवर होते. “सर, हे काढलं तर माझ्याकडे बोलायला काय उरतं?” यावर मला उत्तर नव्हते. मग आम्ही ते पान एकत्र वाचले.

एका रविवारचा हिशेब होता. दुपारी 2 ते रात्री 11, नऊ तास. 17 ऑर्डरी, सरासरी 40 रुपये, एकूण 680. गाडीच्या काट्यावर 104 किलोमीटर. पैसे मिळाले ते 61 किलोमीटरांचे, कारण ग्राहकाच्या दारातून मोकळे परतायचे अंतर कंपनी मोजत नाही. उपाहारगृहाबाहेर डबा भरेपर्यंत उभे राहण्याचेही काही नाही. पेट्रोल 240 रुपये. उरले 440. इथे तो थांबला होता. टायर, ऑइल, ब्रेक यांचे काय, असे मी विचारले. “ते बदलायची वेळ येते तेव्हा कळतं,” तो म्हणाला. किलोमीटरला एक रुपया धरला, तेव्हा उरले 336. म्हणजे तासाला 37.

पण त्या दिवशी 18 ऑर्डरी झाल्या असत्या तर 150 रुपये बक्षीस होते. रात्री दहानंतर अठरावी आलीच नाही. ती आली असती तर तिचे 40 आणि वरचे 150 मिळून तासाचा दर 57च्या आसपास गेला असता. दिवसाच्या कमाईचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा अशा एका ऑर्डरीवर टांगलेला होता, जी आणणे त्याच्या हातात नव्हते.

मग यात हित कुठले? त्याचे उत्तर मला पटले. आधी तो एका कापडाच्या दुकानात होता. परीक्षेसाठी दोन आठवडे मागितले तेव्हा मालकाने हिशेब करून घरी पाठवले. इथे परीक्षेत फोन बंद ठेवला, नंतर चालू केला, कोणी विचारले नाही. काम मिळवायला ओळख लागली नाही. आठवड्याला पैसे खात्यात येतात आणि त्यातूनच फी भरली गेली. गाडी वडिलांची, हप्ते फिटलेले, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. हप्ते चालू असते तर हे गणित उभेच राहिले नसते.

माझे लक्ष मात्र एका शब्दावर अडकले. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. भाषेच्या मास्तराला हा शब्द सोडवेना. त्याने शांतपणे आपले पाठ्यपुस्तक उघडले. 1932च्या भारतीय भागीदारी कायद्यात भागीदारी म्हणजे व्यवसायाचा नफा वाटून घेण्याचे ठरवलेल्या व्यक्तींमधले नाते. “सर, नफा कुठे वाटला?” कामगार म्हटले तर किमान वेतन आणि रजा यांचा प्रश्न येतो, पार्टनर म्हटले की तो विचारायचाच राहतो. 2020ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025मध्ये लागू झाली. तिने गिग कामगाराला कायद्यात नाव दिले, पण मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा म्हणूनच. त्याच्या कल्याणनिधीसाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यायचा आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. ताशी 37 रुपयांना त्याने आधार मिळत नाही.

हा परिच्छेद आपल्याच बाजूला छेद देतो, हे त्याच्याही लक्षात आले होते. तरी त्याने तो ठेवला आणि मांडणी बदलली: हे काम तरुणाच्या हिताचे आहे, जोवर ते सोडता येते तोवर. पाचव्या वर्षी दर पहिल्या वर्षाचाच. अनुभवाला इथे किंमत नाही, फक्त पाठ आणि गाडी तेवढी जुनी होते.

स्पर्धेत विरुद्ध बाजूच्या मुलीने नेमके तेच धरले. “तुमच्याबरोबर गाडी चालवणाऱ्या चाळिशीतल्या काकांचं काय?” तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “विषयात ‘तरुण’ असा शब्द आहे.” सभागृह हसले. परीक्षकांनी हजरजबाबीपणाचे गुण दिले असावेत, कारण त्याला दुसरे पारितोषिक मिळाले.

तो स्वतः हसला नव्हता. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, त्या काकांची पोरगी यंदा आपल्याकडेच एफ.वाय.ला आहे.”