ॲपचा गंधार कोणता?

दसरा उलटला की पालकांचे फोन सुरू होतात. सुटीत मुलांचा रियाज सुटू नये ही काळजी, आणि प्रश्न ठरलेला : "ताई, क्लास आठवड्यातून दोनदाच. मधल्या दिवसांसाठी कुठलं ॲप घेऊ?" मी एकदम नाव सांगत नाही. आधी विचारते, मूल काय शिकतंय? कीबोर्डवर पाश्चात्त्य पद्धतीनं गाणी वाजवायची असतील तर सिम्प्ली पियानो, फ्लोकी, यूझिशियन अशी चांगली ॲप्स आहेत. त्यांची निवड फारशी अवघड नाही, कारण तिथं पट्टी दाबली की स्वर आपोआप बरोबरच येतो. ॲपला एवढंच पाहायचं असतं की योग्य पट्टी योग्य वेळी दाबली का. गळ्याचं तसं नाही. गळ्याला पट्ट्या नसतात. माझा विषय गायनाचा, म्हणून तेवढ्यावरच लिहिते.

गाण्याचं ॲप 'शाबास' म्हणतं किंवा लाल रेघ दाखवतं, तेव्हा ते नेमकं काय करत असतं? मोबाइलचा माइक आवाज घेतो, ॲप त्यातून सेकंदाला किती कंपनं होताहेत ते काढतं, आणि आपण निवडलेल्या 'सा'पासून तो स्वर किती दूर आहे हे मोजतं. हे अंतर सेंटमध्ये मोजतात. एका सप्तकाचे १२०० सेंट, पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. इथपर्यंत सगळं ठीक. खरा प्रश्न पुढचा : कोणता स्वर बरोबर, हे ॲपनं कशावरून ठरवलं?

पेटीवर शुद्ध गंधार 'सा'पासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्यातला गंधार मात्र ३८६ सेंटच्या आसपास असतो. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच. गुरूसमोर बसून तंबोऱ्यावर कान तयार झालेलं मूल हाच गंधार लावतं. फरक १४ सेंटचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण काळी चारच्या पट्टीत बघा. मुलींचा 'सा' तिथं सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा असतो. त्यावर तंबोऱ्याचा गंधार साधारण २५९.६ आणि पेटीचा २६१.६. दोन्ही एकदम धरले तर सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. पेटी आणि तंबोरा यांचं हे भांडण जुनंच आहे. मोबाइलमुळे ते आता मुलांच्या प्रगतिपुस्तकात येऊन बसलं.

माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी भूप शिकत होती. भूपाचा वादी गंधारच, त्यामुळे सगळा राग त्याच्याभोवती फिरतो. क्लासमध्ये तिचा गंधार छान मिसळायचा. घरी तिच्या ॲपमध्ये सोप्या पातळीवर पूर्ण गुण पडत होते, म्हणून आईनं पातळी वाढवली, आणि गंधार 'कमी' दिसू लागला. पोरगी हुशार. तिनं गंधार चढवून गुण मिळवले. पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये तोच चढा गंधार आला आणि तंबोऱ्यावर खटकला. यात तिचा कान बिघडला नव्हता. ॲपची जाळी पेटीच्या पट्ट्यांवर आखलेली होती. सोप्या पातळीवर त्या जाळीची भोकं एवढी मोठी होती की तंबोऱ्याचा गंधारही पास होत होता आणि चांगला बेसूर गंधारही. पातळी कडक केल्यावर बेसूर अडलाच, पण बरोबरचाही अडला.

हे घरच्या घरी तपासता येतं. ॲपमध्ये 'सा' काळी चार ठेवा आणि पेटीचा गंधार वाजवून ॲपला ऐकवा. काटा मधोमध थांबला तर ॲपची मोजपट्टी पेटीची आहे. तुमची पेटीच वेगळी जुळवलेली असली तर गोष्ट निराळी, पण बाजारातल्या बहुतेक पेट्या समान अंतराच्याच असतात. वाजवताना एकच सूर उघडा ठेवा. खर्ज आणि नर दोन्ही सुरू असले की ॲप बरेचदा सप्तकच चुकतं. पेटीची मोजपट्टी निघाली तर ॲप फेकून द्यायचं कारण नाही. पातळी मधली ठेवा आणि शेवटचे दहा गुण मनावर घेऊ नका.

दुसरी तपासणी याहून सोपी. ॲपचा तंबोरा मोबाइलच्या स्पीकरवर लावा, सराव सुरू करा आणि कुणी तोंड उघडू नका. तरीही गुण पडू लागले तर ॲप मुलाला नव्हे, स्वतःच्याच तंबोऱ्याला ऐकतंय. हा प्रकार विनोदी वाटतो, पण होतो खरा. उलटही होतं : प्रतिध्वनी काढायच्या नादात मोबाइल मुलाचा आवाजच कापून टाकतो आणि लांब धरलेला 'सा' मध्येच तुटलेला दिसतो. दोन्हींवर उपाय हेडफोनचा, पण वायरचा. बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, कधी कधी सेकंदाचा पाचवा भागही लागतो. मध्य लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मूल सम गाठतं, आणि ॲप म्हणतं मागे पडलास. मग लय कच्ची म्हणून मुलाला उगाच बोलणी बसतात.

गुण की आलेख, यात मी आलेखाच्या बाजूची. आकडा कधीच सांगत नाही की चूक कुठं झाली. भैरवातला रिषभ आंदोलित असतो, तो एका जागी थांबला तर भैरवच राहत नाही. नुसते गुण देणारं ॲप त्याला अस्थिर म्हणतं. आलेखात मात्र शिक्षकाचं आंदोलन आणि मुलाचं आंदोलन अशा दोन रेघा एकावर एक दिसतात, आणि मूल किती उंच, किती लवकर हललं ते कळतं. बंगळुरूच्या म्युझिकमुनी लॅब्सचं 'रियाज' हे ॲप याच पद्धतीचं : शिक्षकाचा तुकडा ऐकायचा, आपण म्हणायचा, रेघ जुळवायची. पुण्याच्या संदीप रानडे यांच्या 'नादसाधना'ला २०२१ साली ॲपलचं डिझाइन अवॉर्ड मिळालं. ते साथीला उत्तम आणि सुरांची नोंदही बारकाईनं दाखवतं. पण ते ॲपलच्याच उपकरणांवर चालतं आणि मला ते थोड्या मोठ्या, गाणं बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी अधिक योग्य वाटतं.

गाण्यांच्या भांडाराबद्दल जाहिराती फार बोलतात, म्हणून मी थोडं बोलते. हजारो गाणी असली तरी तुमच्या मुलाच्या कामाची किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, पट्टी बदलता येते का. बंदीश पुरुष गायकानं काळी एकमध्ये गायली असेल आणि ॲप पट्टी हलवू देत नसेल, तर नऊ वर्षांचं मूल एक तर मंद्रात घसा खरवडतं किंवा तार सप्तकात ओरडतं. काही ॲप्स पट्टी चढवतात, पण मूळ ध्वनिमुद्रणच ओढून ताणून. त्यातला शिक्षक मग चिरक्या आवाजात गातो. शिक्षकानं त्या पट्टीत खरंच गायलेलं हवं. दुसरी गोष्ट, बंदिशीबरोबर तालाच्या खुणांसह स्वरलिपी आहे का. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलानं अभ्यासक्रमाचा कागद शेजारी ठेवून त्यातले राग एकेक करून ॲपमध्ये शोधावेत. यादीत नाव असणं आणि धडा पूर्ण असणं यात फरक असतो. स्थायी असते, अंतरा पैसे भरल्यावर. मराठी भावगीतं-अभंग हवे असतील तर फुकटच्या मुदतीतच शोधा. गाण्यांचे हक्क संपले की भांडारातली गाणी नाहीशीही होतात, हे लक्षात असू द्या.

आता लहान मुलं. आठ वर्षांखालच्या मुलाला मी गुण देणारं ॲप देतच नाही. त्याला तंबोरा आणि तबला देणारं साधं ॲप पुरे, आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं पुरेत. त्या वयात मूल पडद्यावरच्या रेघेकडे बघून गातं, आणि रेघेकडे बघणारं मूल तंबोरा ऐकत नाही. मोठ्या मुलांसाठी माझी पद्धत अशी : मोबाइल पालथा ठेवायचा, अलंकार पूर्ण म्हणायचा, मग उलटा करून आलेख बघायचा. बघण्याआधी मुलाला विचारायचं, कुठला स्वर हलला असं तुला वाटतं? त्याचं उत्तर आणि रेघ जुळू लागली की कान तयार होतोय असं समजायचं.

सलग दिवसांच्या साखळीचा मोह मात्र आवरा. साखळी तुटू नये म्हणून मुलं रात्री साडेनऊला झोपेत सर्वांत सोपा धडा उरकतात आणि पडद्यावर फुलबाजी उडते. वयात येणाऱ्या मुलांचा आवाज फुटायला लागला की ॲपमधला 'सा' वरचेवर तपासा. आवाज उतरतो, पण ॲप जुनाच 'सा' धरून बसतं आणि मूल ताणून गात राहतं.

मुलाचा आवाज मुद्रित होऊन कंपनीकडे जातो का, हेही बघा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून खातं पालकाच्या नावानं उघडा आणि ध्वनिमुद्रण इतरांना दिसण्याची सोय बंद ठेवा.

या सगळ्या तपासण्या फुकटच्या मुदतीत होतात : पेटीचा गंधार, गप्प राहून पडणारे गुण, पट्टी, परीक्षेचे राग. एका रविवारी उरकण्यासारखं काम आहे. ॲप पसंत पडलं नाही तर ते मोबाइलवरून काढून टाकल्यानं वर्गणी थांबत नाही. मुदत संपण्याच्या निदान एक दिवस आधी प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधल्या वर्गण्यांच्या यादीत जाऊन ती रद्द करा.