तीन महिन्यांची वाट

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या त्या बायकोच्या. मला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

शेवटी बेळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "तुम्ही घेता का? किती?" येळ्ळूरला घरी परतण्याआधी रोज एक क्वार्टर व्हायची, रविवारी शिवारात दोन. त्या म्हणाल्या, एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असतं. थोडी कसली, ही भरपूरच.

वीर्यतपासणीत एका मिलिलिटरमध्ये ९० लाख शुक्राणू निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचाल करणारेही कमीच होते. बाईंनी कारण समजावलं: जास्त दारूमुळे अंडकोशातल्या टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात, मेंदूकडून त्यांना येणारा इशाराही कमी होतो. शिवाय यकृत बिघडलं की शरीरात स्त्री-संप्रेरकाचं प्रमाण वाढतं.

त्यांनी बायकोलाही तोच प्रश्न विचारला. आई बाहेर बसली होती म्हणून बरं! ती घेत नाही, पण बाईंनी सांगितलं की ज्या बायका जास्त पितात त्यांची पाळी मागेपुढे होते, कधी अंडं सुटतच नाही. पाळी आली म्हणजे अंडं सुटलंच असं नसतं.

मी दारू सोडली. एकदम नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रोजची सवय अचानक तोडली तर हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात, हे मला तेव्हाच कळलं. महिन्याभराने मी हौसेने पुन्हा तपासणी केली. आकडा ९५ लाख. म्हणजे जवळजवळ तिथंच! त्या संध्याकाळी बाटली जवळ घ्यावी असं फार वाटलं.

बाई हसल्या. "आज बाहेर येणारा शुक्राणू तुम्ही पीत होता तेव्हा बनायला लागलेला आहे." एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग बाहेर येण्याआधी आणखी काही दिवस. आपल्या भातासारखंच, लावणी केली की लगेच कापणी नाही. म्हणून तीन महिन्यांआधी तपासणी करून काही कळत नाही. आणि तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नाहीतर आकडा फसवतो.

चौथ्या महिन्यात २ कोटी १० लाख निघाले. सगळ्यांचं असं होतंच असं नाही, असं बाईंनी बजावलं. यकृत फार खराब झालेलं असेल, अंडकोश आकसलेले असतील तर दारू सोडूनही सगळं परत येत नाही.

आम्हाला अजून मूल नाही. पण परवा आईने कुणाला तरी "सुनेचं काहीतरी आहे" असं सांगितलं, तेव्हा मी मध्येच म्हणालो, "आई, तपासणीत माझंच कमी निघालंय." ती गप्प झाली. बायकोने चहा ठेवला, तीन कप.