रिझ्युमेतली कुंद्याची ओळ

शेवटच्या वर्षाला आल्यावर आपण सगळेच रिझ्युमे लिहायला बसतो. ज्यांचं इन्स्टाग्रामवर पेज आहे त्यांची एक ओळ ठरलेली असते, ‘इन्स्टाग्राम इन्फ्लुएन्सर, अमुक हजार फॉलोअर्स’. माझं पेज बेळगावच्या खाण्यापिण्याचं. मराठीत बोलते, खाली कन्नड सबटायटल्स देते. फॉलोअर्स ११,२००. घरी याला ‘मोबाइलवर खेळणं’ म्हणतात. नोकरी देणाऱ्यानंही तसंच म्हणू नये, एवढीच माझी इच्छा होती.

पुण्यात माझी आतेबहीण एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. रिझ्युमे करायच्या आधी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, “अगं, ११,२०० लोकांनी बटण दाबलं, एवढंच मला कळलं. विकत घेतलेले असतील तर? आणि नसले तरी तू काय केलंस ते कुठं कळलं? कुणासाठी काम केलंस, त्याला काय हवं होतं, तू काय केलंस आणि मग काय झालं, ते लिही की.”

हे चार प्रश्न घेऊन मी माझ्या सगळ्या कोलॅबरेशन्सची यादी केली. सात होती. त्यातली चार नुसती ‘फुकट खा आणि स्टोरी टाक’ छापाची. ती बाजूला ठेवली आणि एकाच कामाचं एक पान तयार केलं.

ते काम खडेबाजारातल्या एका मिठाईवाल्या काकांचं. दिवाळीच्या तोंडावर त्यांना बेळगावबाहेर कुंद्याचे पार्सल विकायचे होते. गिऱ्हाईक कोण, तर पुण्या-मुंबईत राहणारी, कुंद्याची आठवण काढणारी आपलीच माणसं. माझं मानधन ४,००० रुपये आणि वर कुंद्याचे दोन डबे. दूध आटत आटत तपकिरी होतं, ते कढईशेजारी उभं राहून चित्रित केलं आणि बावन्न सेकंदांची रील केली. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर. मेसेजमध्ये KUNDA10 लिहिलं की दहा टक्के सूट. हा कोड सुटीपेक्षा मोजणीसाठी जास्त होता. कोड नसता तर कोण रील बघून आलं आणि कोण दरवर्षीचं गिऱ्हाईक, हे काकांना कधीच सांगता आलं नसतं.

आता आकडे. रील ६१,००० वेळा बघितली गेली. पण एकच माणूस तीनदा बघतो, म्हणून मी ‘रीच’ धरला, म्हणजे किती वेगवेगळ्या अकाउंट्सपर्यंत ती पोचली. ते होते ४३,०००. लाइक्स २,३१०, कमेंट्स १४२, सेव्ह ३८८ आणि शेअर ६००. एकूण ३,४४०. त्याला ४३,००० ने भागलं की आठ टक्के येतात. यालाच एंगेजमेंट रेट म्हणतात. काही जण फॉलोअर्सनी भागतात. तसं केलं तर माझे तीस टक्क्यांवर जातात. दिसायला छान, पण रील बघणारे बरेचसे माझे फॉलोअर्स नव्हतेच, मग त्या आकड्याला अर्थ काय? कशाने भागलं ते मी पानावर लिहून टाकलं. माझ्या मते या सगळ्यात शेअरचा आकडा सगळ्यात बोलका. लाइक सवयीनं दिलं जातं, शेअर मात्र कुणाला तरी आठवून केलं जातं.

बारा दिवसांत कोड लिहून आलेल्या ऑर्डर ८६. सरासरी ४५० रुपयांची एक, म्हणजे ३८,७०० रुपये. काकांनी मोबाइलमधले जुने नंबर ताडून बघितले, त्यात ५२ गिऱ्हाईकं नवीन निघाली. रील बघून थेट दुकानात आलेले यात धरले नाहीत. आणि जुन्या ३४ जणांपैकी किती जणांनी रीलशिवायही मागवलंच असतं, तेही सांगता येत नाही. ‘विक्री अमुक पट वाढवली’ असं लिहायचा मोह होतो, पण मागच्या वर्षीचा हिशोब काकांच्या बिलबुकात धड नव्हता. म्हणून ‘कोडवर ८६ ऑर्डर, त्यात ५२ नवीन ग्राहक’ एवढंच लिहिलं. हे आकडे दुसऱ्याला दाखवायच्या आधी काकांना विचारलं. धंदा त्यांचा आहे.

पुरावा तीन प्रकारचा जोडला. एक, इनसाइट्सचे स्क्रीनशॉट. अ‍ॅपमधले अकाउंटचे आकडे साधारण मागच्या नव्वद दिवसांपुरतेच मागे जातात, म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला ते काढून ठेवते. त्यात शहरांची यादीही असते. माझ्याकडे बेळगाव, पुणे, मुंबई, बेंगळुरू, कोल्हापूर अशी. फॉलोअर्स खरे की विकतचे, ते इथंच उघडं पडतं. बेळगावच्या खाण्याचं पेज आणि फॉलोअर्स भलत्याच देशातले, किंवा एका रात्रीत दोन हजार वाढलेले आणि कमेंटमध्ये नुसत्या इमोजी, असं दिसलं की समजायचं. दोन, मानधनाचं बिल आणि पैसे आल्याची नोंद. तीन, काकांचं लेटरहेडवर चार ओळींचं पत्र, खाली त्यांचा फोन नंबर.

मग हुबळीच्या एका कंपनीत कंटेंटच्या कामासाठी मुलाखत झाली. समोरच्या मॅडमनी आकडे मिनिटभरात बघून पान उलटं ठेवलं आणि विचारलं, “काकांशी कशावरून वाजलं?”

वाजलं दोनदा. काकांना व्हिडिओत ‘बेळगावातला सर्वात जुना कुंदा’ म्हणायचं होतं. कागद काय आहे विचारलं, तर म्हणाले, “बाबा सांगायचे की!” आम्ही ‘तीन पिढ्यांचं दुकान’ यावर मिटवलं, ते खरं होतं. दुसरं भांडण Paid partnership या लेबलवरून. “जाहिरात म्हटलं की माणसं बोटानं वर ढकलतात,” असं त्यांचं म्हणणं. जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या एएससीआयने इन्फ्लुएन्सरसाठी २०२१ मध्ये नियम काढलेत आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानंही मार्गदर्शक सूचना दिल्यात. पैसे घेतले, किंवा नुसते कुंद्याचे डबे घेतले, तरी ते बघणाऱ्याला सांगावं लागतं. लेबल राहिलं. मॅडमनी यावर दहा मिनिटं घालवली. फॉलोअर्स किती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. कन्नड सबटायटल्स कोण लिहितं, हे मात्र विचारलं. मीच लिहिते, आणि शेजारच्या अक्का तपासून देतात.

सगळीकडे हे चालत नाही. एका सीएच्या ऑफिसात अर्ज केला तेव्हा मी ते पान जोडलंच नाही. ‘अन्य कामे’ या मथळ्याखाली एक ओळ, आणि तिथंही बिलं व हिशोब स्वतः ठेवते हा भाग पुढे. त्यांना कुंद्याच्या रीचचं काय?

हुबळीहून सहा महिन्यांच्या ट्रेनीशिपचं पत्र आलं. त्यात एक अट होती, परवानगीशिवाय बाहेरचं सशुल्क काम करायचं नाही. सही करायच्या आधी मी ईमेलनं विचारलं की पेजचं काय. उत्तर आलं, पेज चालू ठेवा, पण सशुल्क कोलॅबरेशन असेल तर आधी कळवा आणि आमच्या ग्राहकांच्या स्पर्धकांचं काम घेऊ नका. तो ईमेल मी ऑफर लेटरबरोबर फाइलला लावून ठेवलाय. काकांनी पुढच्या दिवाळीसाठी आत्ताच विचारलंय, त्यांचं नाव कळवायचं बाकी आहे.